बाटलीच्या बुडावरचा नंबर कोणी खरवडला?

"मॅडम, माल एकदम ओरिजिनल आहे, फक्त बिल नाही." हे वाक्य ज्याने शोधून काढलं, त्याच्या डोक्यावर त्याच्याच बाटलीतला, केसांच्या रंगात मिसळायचा डेव्हलपर ओतावासा वाटतोय मला!

झालं काय, आमच्या सलूनचा अधिकृत डिस्ट्रिब्युटर आठवडाभर २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर देईना. तेवढ्यात हा माणूस दारात. एक सलून बंद झालंय, तिथला स्टॉक आहे म्हणाला. घेतल्या मी ६ बाटल्या. चूक माझीच, ती कबूल करून टाकते म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल.

पहिलीच गिऱ्हाईक माझी जुनी. दर महिन्याला रूट टच-अप, तीच शेड, तीच ३५ मिनिटं. धुतलं तर कपाळाजवळचे पांढरे केस काचेसारखे आरपार दिसतायत. वाटलं, माझ्याच हाताने मिश्रण कमी-जास्त झालं असेल. दुसरीला तेच. तिसरीचा रंग त्या दिवशी बरा दिसला, पण दोन आठवड्यांत उतरला आणि तिने चारचौघींत सांगितलं, "हल्ली तिथे पाणी घालून रंग लावतात." पाणी! बारा वर्षं राबून कमावलेल्या नावाचं हे झालं.

शेवटी संध्याकाळी शटर ओढून बसले. कापलेल्या पांढऱ्या केसांच्या दोन बटा घेतल्या. एकाच ट्यूबमधला १५-१५ ग्रॅम रंग दोन बाऊलमध्ये मोजून काढला. एकात या महाशयांचा १५ ग्रॅम डेव्हलपर, दुसऱ्यात माझ्याकडे तळाला उरलेला जुना अधिकृत १५ ग्रॅम. दोन्हींना ३५ मिनिटं. दुसरी बट गच्च रंगली, पहिली मळक्या चहासारखी. म्हणजे ट्यूब निर्दोष, दोष बाटलीत.

कारण साधं आहे. २० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ट्यूबमधले बारीक रेणू केसात शिरतात आणि तिथे पेरॉक्साइडमुळे जुळून मोठे होतात, म्हणून रंग धुऊन जात नाही. बाटली महिनोन्महिने तापलेल्या गोदामात पडून राहिली की पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होत जातं. जोर गेला की रेणू नीट जुळत नाहीत, आणि शाम्पूबरोबर रंग वाहून जातो. ती तिसरी 'पाणी' म्हणाली, त्यात अर्ध सत्य होतंच की! फक्त ते पाणी मी घातलेलं नव्हतं.

मग बाटल्या उलट्या केल्या. सहाही बुडांवरचा बॅच नंबर खरवडलेला, एकीवर तर नखाला खरखर लागते. आणि मी ६ बाटल्या घेताना एकही उलटी केली नव्हती! पळवाटेने माल विकणारे नंबर का खरवडतात, तर त्या नंबरावरून कंपनीला कळतं की बाटली मूळ कोणाला विकली होती. तो सापडू नये म्हणून. नकली माल बनवणाऱ्याची गंमत उलटी असते, तो नंबर छापतो, पण एकच. तीन वेगवेगळ्या शेडच्या ट्यूबवर अगदी तोच कोड दिसला तर समजावं. वेगळ्या शेड वेगळ्या बॅचमध्ये बनतात.

माझ्या बाटल्या नकली की जुन्याच पण अस्सल, हे त्या बटेच्या चाचणीवरून कळत नाही, एवढंच कळतं की जोर नाही. कंपनीला फोन केला तर पहिला प्रश्न, "बॅच नंबर सांगा." काय सांगू, खरवडा सांगू?

तिघींना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि फुकट पुन्हा रंग लावून दिला. एक हसली, एक गप्प राहिली, एक आलीच नाही. आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कार्डावर ट्यूबचा आणि बाटलीचा नंबर लिहिते, आणि नवी पेटी आली की आधी बटेवर लावून बघते. रिकाम्या बाटल्या झाकणासकट मागायला कोणी आलं तर लेबल फाडून, बाटली कापूनच फेकते. त्यांच्यात काय भरलं जाईल, कोण जाणे.

आणि आज सकाळी याच माणसाचा मेसेज: "मॅडम, नवीन स्टॉक आला." मी लिहिलं, बुडाचा फोटो पाठवा. त्याने लेबलाचा पाठवला. पुन्हा लिहिलं, बुडाचा. दुपार झाली, दोन निळ्या टिका आल्यात, फोटो नाही.