सेन्सेक्सची धोक्याची पातळी

दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराने बहुतेक वेळा काहीही करायचे नसते, असे सर्व जाणकार सांगतात. परंतु काहीही न करण्यासाठी सांगलीसारख्या शहरात किती माणसांना तोंड द्यावे लागते, याविषयी ते काहीच सांगत नाहीत. माझे पैसे निर्देशांकावर आधारित एका म्युच्युअल फंडात आहेत आणि ते मला निवृत्तीनंतर, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांनी लागणार आहेत. एवढी साधी परिस्थिती असूनही मोबाईल, टीव्ही, विश्रामबागेत राहणारा आणि ऑप्शनमध्ये सौदे करणारा माझा भाचा, तसेच शेजारचे हळदीचे अडते आप्पा, या चौघांनी मिळून मला शांत बसू न देण्याचा जणू ठेका घेतला आहे.

४ जून २०२४ या दिवसाचे उदाहरण घेतो, कारण त्या दिवशी या चौघांची कामगिरी एकाच वेळी पाहायला मिळाली. लोकसभा निवडणुकीचे निकाल लागत होते. आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांच्या आनंदात सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी वर गेला होता. निकालाच्या दिवशी तो ४,३८९ अंशांनी खाली येऊन बंद झाला. दुपारी भाच्याचा फोन आला, "मामा, बाजार पार झोपला की! आत्ता विका, खाली गेला की परत घ्या." पाठोपाठ आप्पा कंपाउंडवरून म्हणाले, "अहो, गुंतवणूकदारांचे एकतीस लाख कोटी बुडाले म्हणे. गेले कुठे एवढे पैसे?"

आप्पांचा प्रश्न त्या दिवशीच्या सर्व चर्चांपेक्षा शहाणपणाचा होता. हा आकडा काढण्याची रीत अशी, की प्रत्येक कंपनीच्या शेअरचा शेवटच्या सौद्याचा भाव घ्यायचा आणि त्याला त्या कंपनीच्या एकूण शेअरच्या संख्येने गुणायचे. त्यात प्रवर्तकांचे आणि सरकारचे असे कधीच विकायला न काढलेले शेअरही येतात. थोड्या शेअरचे सौदे खालच्या भावात झाले, की उरलेल्या सगळ्यांची किंमत कागदावर तेवढीच कमी धरली जाते. कोणाच्या खिशातून एकतीस लाख कोटींच्या नोटा बाहेर जात नाहीत. मी हे आप्पांना सविस्तर समजावले. ते म्हणाले, "म्हणजे गेलेच नाहीत? मग एवढं ओरडतात कशाला?" या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी गंमत अंशांची. 'इतिहासातील सर्वात मोठ्या घसरणींपैकी एक' असे म्हणताना वाहिन्या अंश मोजत होत्या. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, सेन्सेक्स ३,९३५ अंशांनी पडला होता, म्हणजे आकड्याने कमी. पण तेव्हा निर्देशांकच लहान असल्यामुळे ती घसरण १३.१५ टक्के होती. ४ जूनची घसरण ५.७४ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. निर्देशांक वाढत जाईल तसतसे हे 'सर्वात मोठे' आकडे आपोआप निघत राहणार, त्यासाठी बाजाराला फार कष्ट घ्यावे लागणार नाहीत. म्हणून अंशांची बातमी दिसली, की मी आधी टक्के काढतो. एवढा भागाकार होईपर्यंत वाहिनीवर जाहिरात लागते आणि छातीतली धडधडही कमी होते.

भाच्याचा सल्ला ऐकला असता तर काय झाले असते, हे निफ्टीच्या बंद भावांवरून पाहता येते. ३ जूनला निफ्टी २३,२६४ वर होता, ४ जूनला २१,८८५ वर आला आणि ७ जूनला २३,२९० वर पोहोचला. म्हणजे ३ तारखेचे दहा लाख रुपये ४ तारखेला सुमारे ९ लाख ४१ हजार झाले आणि ७ तारखेला पुन्हा दहा लाखांच्या किंचित वर गेले. घाबरून विकणाऱ्याने ७ तारखेला परत खरेदी केली असती, तर त्याचे साठ हजार कायमचे गेले असते आणि जुन्या नफ्यावर कर द्यावा लागला असता तो वेगळाच. शिवाय फंडाचे मूल्य दिवसातून एकदाच, बाजार बंद झाल्यानंतर ठरते. दुपारी तीनच्या आत विक्रीची सूचना दिली, की सकाळी अकराला दिलेली असो वा अडीचला, भाव एकच मिळतो. तेव्हा फंडात पैसे असणाऱ्याने दिवसभर पडद्यावरचे लाल आकडे पाहत बसणे ही निव्वळ करमणूक होय, आणि तीही दुःखान्त.

तीन दिवसांत बाजार सावरला म्हणून दरवेळी सावरेल, असे मात्र मी भाच्याला सांगत नाही. जानेवारी २००८ चे शिखर सेन्सेक्सने पुन्हा गाठले ते नोव्हेंबर २०१० मध्ये. म्हणूनच दोन-चार वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवूच नये. तो ठेवला, तर बातम्या वाचण्याची कोणतीही पद्धत झोप परत आणून देणार नाही.

आम्हा सांगलीकरांना पावसाळ्यात बातम्या शांतपणे वाचण्याचा चांगला सराव आहे. कृष्णेचे पाणी वाढू लागले, की आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट झाली, हे सगळे विचारतात. परंतु इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट, हे आधीच ठरलेले असल्याने पंचवीस फुटांवर कोणी सामान माळ्यावर टाकत नाही. बाजाराच्या बातम्यांना अशी पातळी कोणी आखून दिलेली नसते, ती आपली आपण आखावी लागते. माझी पातळी टक्क्यांची नसून कारणांची आहे. मला पैसा लवकर लागणार असेल, फंडाची योजना बदलत असेल किंवा खर्चाचा दर वाढत असेल, तरच मी जागचा हलतो.

त्यानुसार मी मोबाईलवरील बाजाराच्या सर्व सूचना बंद केल्या. आदल्या दिवसाचा बाजार मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या वर्तमानपत्रात वाचतो, कारण तोपर्यंत तो घडून गेलेला असतो आणि त्याच्याशी भांडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाविषयीचे आधीचे अंदाज मी सोडून देतो आणि नंतर निवेदन वाचतो. शनिवारी सकाळी अर्धा तास बसून फंडाचे मासिक माहितीपत्रक आणि ईमेल पाहतो. हे ईमेल वगळणे मला मान्य नाही. योजनेचे मूळ स्वरूप बदलायचे असेल, तर फंडाला गुंतवणूकदारांना कळवावे लागते आणि निर्गमन शुल्काशिवाय बाहेर पडण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी लागते. ही खरी महत्त्वाची बातमी इतक्या रटाळ भाषेत येते, की ती जाहिरातींच्या कप्प्यात पडून राहते. तिच्यासाठी कोणी स्टुडिओत ओरडत नाही. म्हणून फंडाच्या पत्त्यावरून आलेले ईमेल मी वेगळ्या कप्प्यात जातील अशी व्यवस्था केली आहे.

शिवाय एका वहीत मी ठळक मथळे तारखेसह उतरवतो आणि शेजारचा 'पुढे काय झाले' हा रकाना महिन्याने भरतो. तो रकाना बहुधा रिकामाच राहतो. आमच्या हिने एकदा वही चाळून विचारले, "अहो, ही बातम्यांची वही आहे की कोऱ्या कागदाची?"

भाच्याला ही पद्धत म्हातारपणाचे लक्षण वाटते. आप्पांना मात्र ती मनापासून पटली. त्यांनी त्याच संध्याकाळी मोबाईलवरच्या सर्व सूचना बंद करून घेतल्या, आणि तेव्हापासून बाजार सुरू झाला की दर अर्ध्या तासाने ते मला फोन करून विचारतात, "काय म्हणतोय सेन्सेक्स?"