1430 चं 14:30: फॉरमॅट बदलून भागत नाही

एक्सेलमध्ये 1430 सारख्या आकड्याची वेळ कशी करायची, यावर हमखास मिळणारा सल्ला असा: "रेल्वे टाइममध्ये 1430 लिहिलेलं असेल तर कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट hh:mm करा. नाही जमलं तर 100 ने भागा, किंवा LEFT आणि RIGHT वापरून मधे कोलन टाका. पुढचं शून्य उडालं तरी काही बिघडत नाही."

फॉरमॅटने काय होतं ते बघा. एक्सेल वेळ दिवसाचा अंश म्हणून साठवतं, दुपारचे बारा म्हणजे 0.5. मग 1430 हे त्याच्या लेखी चौदाशे तीस दिवस, आणि hh:mm लावलं की हाती येतं 00:00. तारखेचा फॉरमॅट लावलात तर ३० नोव्हेंबर १९०३ दिसेल. १०० ने भागून तोच फॉरमॅट लावला तर 07:12 येतं, कारण 14.3 मधला 0.3 दिवस म्हणजे सात तास बारा मिनिटं.

खरा घोळ शून्याचा आहे. समजा, दादरहून रात्रपाळीची माणसं नेणाऱ्या गाडीचा तक्ता सीएसव्हीतून आला. तो डबल क्लिक करून उघडला की 0905 चं 905, 0115 चं 115 आणि 0012 चं नुसतं 12 होतं. आता दोन डावीकडून, दोन उजवीकडून घ्या. 905 चं 90:05 होतं. ते निदान डोळ्यात खुपतं. पण 115 चं होतं 11:15 आणि 12 चं 12:12. दोन्ही दिसायला चोख. रात्री सव्वा वाजताची गाडी सकाळी सव्वाअकराला जाते, मध्यरात्रीची भर दुपारी, आणि तक्ता तपासणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मुंबईत लोकल मध्यरात्रीनंतरही धावतात, त्यामुळे असे आकडे इथे हमखास सापडतात.

काहीजण 00\:00 हा कस्टम फॉरमॅट सुचवतात. छापून भिंतीवर लावायचं असेल तर उत्तम, शून्यंही परत दिसतात. पण आत आकडा 1430 च राहतो. 1430 मधून 1355 वजा करा, ७५ येतात. मिनिटं झालीत ३५.

म्हणून तास आणि मिनिटं आकड्यावरूनच वेगळी करायची:

```
=IF(A2="","",IF(OR(A2>2359,MOD(A2,100)>59),"तपासा",TIME(INT(A2/100),MOD(A2,100),0)))
```

12 ला १०० ने भागून पूर्णांक घेतला तर तास शून्य, बाकी बारा मिनिटं, म्हणजे 00:12. गळलेलं शून्य आड येत नाही. या कॉलमला मात्र hh:mm फॉरमॅट लावा, इथे तो योग्य आहे. "तपासा" मुद्दाम ठेवलंय, कारण TIME चुकीचा आकडाही मुकाट्याने गिळतं: 1475 दिलं तर बिनदिक्कत 15:15 देतं. रिकाम्या सेलचंही तसंच, ती अट काढली तर तिथे 00:00 उमटेल. आणि 2400 दिसलं तर ते आजच्या रात्रीचं की उद्याच्या, हे तक्ता बनवणाऱ्यालाच विचारा.

गाडी रात्री बारा ओलांडत असेल तर साधी वजाबाकी उणे येते. सुटायची वेळ B2 मध्ये आणि पोचायची C2 मध्ये असेल, तर =MOD(C2-B2,1) लिहा; 23:50 ते 00:25 चं 00:35 मिळेल.