साडेचार हजाराची सवलत अन् सात हजाराचा हप्ता

परवा लातूरला दोन्ही लेकरांचं क्लासचं ॲडमिशन केलं. थोरली अकरावी नीट, फी ८०,०००. धाकटा नववी फाउंडेशन, ४५,०००. काउंटरवरची पोरगी हसून म्हणाली, "सर, भावंडं असली की दहा टक्के सिबलिंग डिस्काउंट आहे आपल्याकडं." मी मनातल्या मनात सव्वा लाखाचे दहा टक्के काढले, साडेबारा हजार वाचले म्हणून खूश. बायकोनं तेवढ्यात विचारलं, "दोघांच्या फीवर का?" तर नाही, ज्याची फी कमी त्याच्याच फीवर. म्हणजे ४५,००० चे दहा टक्के, साडेचार हजार. एकूण फीच्या मानानं बघितलं तर दहा नाही, साडेतीन टक्केच्या आसपास.

आता जूनमध्ये आमच्याकडं कुठून पैसा असतोय, बी-खतात सगळं गेलेलं. म्हणून हप्ते मागितले. तीन हप्ते, एक आत्ता, एक सप्टेंबरला, एक डिसेंबरला, अन् त्यासाठी ५ टक्के जास्तीचे. वरून १८ टक्के जीएसटी. (शाळेच्या फीवर जीएसटी नसतो, प्रायव्हेट क्लासवर असतो, हे बऱ्याच जणांना पावती हातात पडल्यावरच कळतं.)

तिनं कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. १,२५,००० वर हप्त्याचे ६,२५०, झाले १,३१,२५०. त्यावर जीएसटी २३,६२५, झाले १,५४,८७५. त्यातून डिस्काउंटचे ४,५०० वजा, म्हणजे १,५०,३७५. चला, सही करा.

मी म्हणलं थांबा ताई. डिस्काउंट तुम्ही शेवटी वजा करायलात, म्हणजे जे पैसे तुम्ही आमच्याकडून घेणारच नाहीत त्याच्यावर पण हप्त्याचे ५ टक्के अन् जीएसटी लावला की! सवलत आधीच ठरलेली असेल अन् बिलात दाखवलेली असेल तर टॅक्स सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो, जीएसटी कायद्याच्या कलम १५ मध्येच आहे हे. मग कागदावर मांडलं. १,२५,००० वजा ४,५०० म्हणजे १,२०,५००. हप्त्याचे ५ टक्के ६,०२५, झाले १,२६,५२५. जीएसटी २२,७७४.५०. एकूण १,४९,२९९.५०. फरक १,०७५ रुपये ५० पैसे. ती म्हणाली "सिस्टीममध्ये असंच येतंय सर", मग आतून एक सर आले, कागद बघितला, काही न बोलता बदलून दिलं.

पण खरी मेख पुढंच होती, ती मला घरी आल्यावर रात्री कळाली. एकरकमी भरलं तर १,२०,५०० वर १८ टक्के, म्हणजे १,४२,१९०. हप्त्यानं ७,१०९ रुपये ५० पैसे जास्त, कारण हप्त्याच्या जास्तीच्या पैशावर पण जीएसटी बसतोय. आता गंमत बघा, एकच लेकरू असल्यागत काहीच सवलत न घेता सव्वा लाख एकरकमी भरले असते तरी १,४७,५०० झाले असते. म्हणजे सवलत घेऊन हप्ते पाडणारा माणूस बिनसवलतीच्या एकरकमीवाल्यापेक्षा १,८०० रुपये जास्त देतोय! एका हातानं द्यायचं अन् दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं.

अन् हे ५ टक्के ऐकायला बारीक वाटतात पण ते सगळ्या फीवर आहेत, आपण उधार ठेवतो ते फक्त दोन हप्ते. पहिला ४९,७६६ तर आपण त्याच दिवशी मोजला. उरलेले ९२ हजार, त्यातले अर्धे तीन महिन्यांनी द्यायचे, अर्धे सहा महिन्यांनी. एवढ्यासाठी सात हजार, म्हणजे वर्षाला २० टक्के व्याज झालं, आपल्या भाषेत शेकडा पावणेदोन रुपये महिना. सावकारीच की.

बायको म्हणाली आमच्या बचत गटात शेकडा एक रुपया आहे. तिथून ९०,००० उचलले, बाकीचे घरातले, अन् दुसऱ्या दिवशी जाऊन एकरकमी भरून आलो. सोयाबीन ऑक्टोबरला निघालं अन् गटाचे पैसे तेव्हाच फेडले तर चार महिन्यांचे ३,६०० व्याज जाईल. लांबून डिसेंबर उजाडला तरी ५,४००, हप्त्याच्या सात हजाराच्या आतच. भाव पडला तर बघू.

फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात अजून एक ओळ होती, दोघांपैकी एकानं मधीच क्लास सोडला तर सिबलिंग सवलत परत वसूल. ती ओळ मी धाकट्याला मोठ्यानं वाचून दाखवली. त्यावर थोरली म्हणती, "पप्पा, सवलत माझ्यामुळं मिळाली अन् कमी झाली त्याची फी, मला काय?" तिला अजून उत्तर दिलेलं नाही मी.