बिल मुरू द्यावे, लोणच्यासारखे

रंगवलेले सूत गिऱ्हाइकाच्या दारात उतरवल्यावर लगेच बिल करण्याचा उतावळेपणा आपण कधीही करू नये. चलन टेम्पोच्या डॅशबोर्डवर किमान आठवडाभर ऊन खात पडू द्यावे. दर आधी ठरवू नये. तो बिल करताना आठवेल.

अक्कलकोट रोडवरील माझ्या टॉवेलच्या कारखान्यात एका डाइंगवाल्यांनी ही साधना पूर्णत्वास नेली आहे. 4 जूनला त्यांनी 800 किलो सूत चलनावर उतरवले आणि त्याचे बिल 29 जुलैला, म्हणजे 55 दिवसांनी, पाठवले. आमच्याकडे बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांची उधारी असते आणि पैसे दर महिन्याच्या 10 तारखेला सुटतात. 10 जूनच्या आत बिल आले असते, तर 10 जुलैला पैसे मिळाले असते. आता ते 10 सप्टेंबरला मिळतील. दोन महिने ते आपल्या रंगाचा आणि कोळशाचा खर्च बँकेच्या व्याजावर ओढणार आहेत, आणि तरीही 2 ऑगस्टला मलाच फोन करून विचारतात, ‘मालक, आमचं पेमेंट का अडवलंय?’

बिलात वजन 826 किलो होते. ते कोऱ्या सुताचे, चलनावरचे 800 रंगवून वाळवलेल्या सुताचे, आणि दर कोणत्या वजनावर लावायचा हे कधी बोलणेच झाले नव्हते. दोन दिवसांत बिल आले असते, तर पोती गोदामातच होती. समोरासमोर काट्यावर घातली असती. आता त्या सुताचे टॉवेल विणून, धुऊन रवाना झाले. मी काय टॉवेल वापरणाऱ्यांच्या न्हाणीघरांत काटा घेऊन फिरू?

‘लवकर बिल केलं की जीएसटी लवकर भरावा लागतो’ हे कारणही अवश्य सांगावे. 4 जूनचे बिल आणि 29 जूनचे बिल एकाच महिन्याच्या विवरणपत्रात जाते, याकडे दुर्लक्ष करावे. जॉबवर्कचे बिल काम झाल्यापासून 30 दिवसांत करावे लागते आणि ती मुदत चुकली तर कराची जबाबदारी काम झाल्याच्या तारखेपासूनच धरली जाते, हे तर ऐकूच नये. व्याज भरताना आपोआप कळते.

पण आता उपरोध पुरे. साहेब, 800 किलो सुताची शेड तुम्ही एका लॉटमध्ये अचूक जुळवता आणि एक कागद लिहायला तुम्हाला 55 दिवस लागतात? ऑर्डर घेतानाच दर, आणि तो कोऱ्या वजनावर की रंगवलेल्या, हे चलन-पुस्तकावर लिहून माझी सही घ्या. ड्रायव्हरला सही झालेल्या चलनाचा फोटो जागेवरूनच पाठवायला लावा आणि त्याच संध्याकाळी चलन क्रमांक घालून बिल करा. महिनाअखेरीस एकदम बारा चलनांचे गाठोडे बांधू नका, कारण एका चलनावर वाद झाला की बाराही अडकतात. दर शनिवारी चलन-पुस्तक उघडा, ज्या चलनापुढे बिल क्रमांक नाही त्यावर लाल रेघ ओढा आणि ते बिल झाल्याशिवाय घरी जाऊ नका. आणि हे जमत नसेल, तर निदान मला फोन करून आवाज चढवू नका!