तीनशे बाराची बोंब

माझं वीजबिल मी वाचायच्या आधी आख्ख्या बिल्डिंगनं वाचलं. बिलं वाटणारा पोरगा सगळे कागद खालच्या ग्रिलला खोचून जातो आणि ग्रिलशेजारी खुर्ची टाकून आमचे तळमजल्यावरचे अण्णा बसलेले असतात. दुसऱ्याच्या नावाचा कागद उघडू नये वगैरे आमच्या मंगळवार पेठेत कुणाच्या डोक्यातही येत नाही. मी कामावरून येतोय तर जिन्यातच, दूधवाल्याच्या देखत, "काय ओ, तीनशे बारा युनिट? एसी बसवलासा काय गुपचूप?"

एसी. ऐन थंडीत.

अण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. हजारो बैलगाड्या मोजल्यात त्यामुळं आकडा दिसला की त्यांना राहवत नाही. माझं बिल त्यांनी 'अभ्यासाला' म्हणून दोन दिवस स्वतःकडं ठेवलं होतं. आता बिलावर दोन तारखा असतात, एक शेवटची, आणि तिच्याआधीची एक. त्या आधीच्या तारखेच्या आत पैसे भरले तर कर सोडून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते. माझे तीस रुपये अण्णांच्या अभ्यासात गेले. तीस रुपये मोठे नाहीत, मला माहितीय, पण राग येतोच की.

वर त्यांचा सिद्धांत ऐका. "तुमचं तीनशेच्या वर गेलं न्हवं, आता पहिल्या युनिटापासनं सगळं वरच्या दरानं लागतंय. बारा युनिट कमी जाळलं असतासा तर हजारभर वाचलं असतं!" हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की दूधवाल्यानं मान डोलवली. आणि हा गैरसमज एकट्या अण्णांचा नाही, माझ्या ऑफिसात अर्धे लोक हेच मानतात, त्यात एक कॉमर्सवाला पण आहे.

मी तिथंच पायरीवर बसून बिलाच्या मागं पेन्सिलीनं हिशोब मांडला. दर वरचेवर बदलतात म्हणून सोयीसाठी गोल आकडे घेतले, वीज आकार आणि वहन आकार मिळून. घरगुती मीटरला पहिली १०० युनिटं साधारण ६ रुपयांनी, त्यापुढची ३०० पर्यंतची ११ नं, आणि ३०० च्या वरची १४ नं. म्हणजे माझे ६००, अधिक २२००, आणि वरच्या बारांचे फक्त १६८. स्थिर आकार १३०. झाले ३०९८. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, एकूण ३५९४ च्या आसपास. बिलावर पण जवळपास एवढंच होतं, इंधन समायोजन त्या महिन्यात नावापुरतं होतं म्हणून जुळलं.

"आता अण्णा, तुमचं खरं मानलं आणि सगळीच्या सगळी तीनशे बारा युनिटं १४ नं लावली तर बिल पाच हजाराच्या वर जातंय. आलंय का तेवढं?"

अण्णांनी कागद लांब धरला, जवळ धरला, उलटा केला.

"नाही आलं."

"मग?"

"पुढच्या बिलात लावतील."

काट्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाशी वाद घालू नये. तरी मी घातला. बरोबर ३०० वर थांबलो असतो तर ३३९९ आलं असतं, म्हणजे त्या बदनाम बारा युनिटांची किंमत सगळी मिळून १९५ रुपये. त्यातही ती जुन्याच दरानं लागली असती तरी दीडशे गेलेच असते, म्हणजे स्लॅब ओलांडल्याचा दंड म्हणाल तर चाळीसेक रुपये. अण्णा म्हणाले, "चाळीस काय कमी हाय व्हय?" माझे तीस खाल्लेला माणूस हे म्हणतोय.

अण्णांचं स्वतःचं बिल शंभर युनिटांच्या आत. कसं, तर रात्री झोपताना फ्रिज बंद करतात आणि पहाटे चालू करतात. अहो, रात्री थंडावा बाहेर गेला की सकाळी तोच फ्रिज तो परत भरून काढायला जास्त वेळ चालतो, हातात येतं एवढंसं, आणि वर काकूंची साय आंबते. मोबाईलचे चार्जर तर असे ओढून काढतात की सॉकेट सैल झालेत. नुसता लावून ठेवलेला चार्जर महिन्यात पाव युनिट पण खात नाही. त्यापेक्षा टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स बघा, टीव्ही बंद असला तरी हा दहाएक वॅट ओढत बसतो, चोवीस तास, महिन्याची सात युनिटं. तो बंद करायचं मात्र अण्णांना चालत नाही, म्हणे कुस्त्या लागायला वेळ लागतो.

अण्णांचं खरं गुपित वेगळं आहे. त्यांच्या मागच्या अंगणात तांब्याचा बंब आहे, करवंट्यांवर चालणारा. सकाळी साडेसहाला त्यांचं पाणी फुकट तापतं आणि माझ्या गॅलरीतले वाळत घातलेले शर्ट दिवसभर धुराचा वास मारतात. मी काही बोललो तर म्हणतात, आमच्या बंबाला स्लॅब नाही.

पण नाइलाजानं सांगतो, मुद्दा बरोबर आहे. थंडीत बिल फुगतं ते पाण्यानं. वीसेक लिटरची एक बादली अंघोळीजोगी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. आमचे चिरंजीव मात्र पंचवीस लिटरचा गिझर शॉवरखाली रिकामा करतात आणि तो परत भरून तापत असतो तरी बाहेर येत नाहीत, दीड युनिटाची अंघोळ. रोज एक युनिट जादा, महिन्याला तीस. आणि वाचवलेलं युनिट नेहमी वरून कमी होतं, म्हणजे आधी १४ वाली बारा जातात, मग ११ वाली अठरा. शुल्क धरून सव्वाचारशे रुपये. हीच तीस युनिटं अण्णांनी वाचवली तर त्यांचे जेमतेम दोनशे-दहा वाचतील, कारण त्यांची मुळात सहाची आहेत. म्हणून दुसऱ्याच्या घरातली युक्ती आपल्या बिलावर तेवढीच चालेल असं नाही.

सव्वाचारशे. सेट-टॉप बॉक्सचे नव्वदेक धरा. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं की महिन्याला १० रुपये सूट, तीही मी लगेच लावून घेतली, दहा रुपयांपेक्षा अण्णांसाठी.

एवढं सगळं करून साडेतीन हजारातले पाचशे. बाकीच्याचं काय करणार? स्थिर आकार घराला कुलूप लावून गावी गेलो तरी लागतो, आणि त्या स्थिर आकारावर पण १६ टक्के शुल्क, म्हणजे एकही दिवा न लावता दीडशे रुपये. वहन आकार, म्हणजे वीज तारांमधून आपल्यापर्यंत आली त्याचं भाडं, त्या भाड्यावरही १६ टक्के. इंधन समायोजन कधी काही पैसे, कधी जास्त, कोळशाचा आणि वीजखरेदीचा वाढीव खर्च आपण जेवढी युनिटं जाळू तेवढ्यांवर वाटून येतो, आणि किती येणार ते आपल्याला बिल आल्यावरच कळतं. चिरंजीवांना मी हे सगळं आकड्यांसकट समजावलं, दहावीचं गणित आहे म्हटलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बाबा, मग बंबच घेऊया की."