भिशी बुडाली म्हणजे नेमकं कोणाकडे काय अडकलं?

प्रतिक्रिया: «लेख वाचला. तुम्ही भिशीचं फारच कौतुक करता. आमच्या बिल्डिंगमध्ये बारा जणींची 5,000 ची भिशी होती. तिसरा नंबर लागलेली बाई पाचव्या महिन्यापासून भरेनाशी झाली आणि खोली सोडून गेली. आठव्या महिन्यानंतर भिशीच बंद पडली. माझ्या आईचा नंबर शेवटचा, तिचे 40,000 गेले. आरडीत निदान व्याज मिळतं आणि पैसे सुरक्षित राहतात. शिवाय भिशी बेकायदा आहे. असलं काही करायला लोकांना सांगू नका.»

नमस्कार. आईंचे पैसे अडकल्याचं वाचून वाईट वाटलं. पण ते अजून गेलेले नाहीत असं तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच दिसतं, त्यावर शेवटी सविस्तर लिहितो. आधी व्याजाचं बघू, कारण तिथे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

दरमहा 5,000 ची एका वर्षाची आरडी काढली आणि दर साडेसहा टक्के धरला, तर वर्षाअखेरीला साधारण 62,150 हातात येतात. म्हणजे व्याज सुमारे 2,150. भिशीत शेवटच्या नंबराला 60,000 च मिळतात. शेवटचा नंबर वर्षभर बाकीच्या अकरा जणींना बिनव्याजी पैसे वापरायला देतो असा त्याचा सरळ अर्थ. शेवटच्या नंबरासाठी आरडी चांगली, यावर वाद नाही.

आता पहिला नंबर घ्या. पहिल्याच महिन्यात स्वतःचे 5,000 धरून 60,000 हातात, म्हणजे दुसऱ्यांचे 55,000. ते अकरा हप्त्यांत फेडायचे. हेच 55,000 चौदा टक्क्यांच्या पर्सनल लोनने अकरा महिन्यांसाठी घेतले तर व्याजच सुमारे 3,900 जातं, वर प्रोसेसिंग फी. ज्या बाईला कागदोपत्री पगार नाही तिला ते लोन मिळतच नाही. भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं आहे किंवा जूनमध्ये मुलाची फी भरायची आहे, तिच्यासाठी आरडी काहीच कामाची नाही, कारण आरडीतून तुम्ही भरलेलेच पैसे निघतात, न भरलेले नाहीत. त्यामुळे भिशी बचत आहे की कर्ज, हे नंबरावर ठरतं. पहिल्या नंबरांसाठी ती कर्ज असते, शेवटच्यांसाठी बचत, मधल्यांसाठी थोडं थोडं दोन्ही. ज्याला मध्येच एकरकमी पैशाची गरज नाही, त्याने भिशीत शिरू नये. आधीच्या लेखात हे मी ठळकपणे लिहायला हवं होतं.

धोकाही असाच नंबराप्रमाणे वाटला जातो. ज्याने उचलली त्याचं काही बुडत नाही, ज्याची लागायची आहे त्याचंच बुडतं. तरीही बहुतेक ठिकाणी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकतात, आणि दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या भाडेकरूला तिसरा नंबर लागतो. चिठ्ठ्या दोन डब्यांत टाका. ज्यांच्याबरोबर आधी एक तरी भिशी पूर्ण झाली आहे, त्यांच्यात पहिले सहा नंबर वाटा. नवीन माणसं, अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी आणि नोकरी बदलण्याच्या बेतात असलेली, सगळी शेवटच्या सहांत. एखाद्याला हे मान्य नसेल तर त्याला पहिल्याच महिन्यांत पैसे हवे आहेत, इतकं तरी कळतं.

दुसरं, पैसे चालवणाऱ्या बाईकडे जमा करायचेच नाहीत. ज्याचा नंबर, त्याच्या खात्यावर अकरा जणांनी थेट यूपीआयने पाठवायचे आणि शेऱ्यात ‘भिशी 5/12’ असं लिहायचं. पगार 1 ते 5 तारखेला होत असतील तर हप्त्याची तारीख 7 ठेवा. 7 तारखेला रात्री किती जणांचे आले हे उचलणाऱ्यालाच दिसतं, आणि चालवणारीच्या हातात साठ हजार कधीच साचत नाहीत. ‘आज नाही, परवा देते’ असं सलग दोन महिने झालं की ती पुढच्या गळतीची पहिली खूण समजा.

पहिला नंबर चालवणाऱ्याचा असतो, ही आपल्याकडची रीत. कोणी चुकलं तर ती भरेल, म्हणून तिला हा मान. पण हिशेब मांडून बघा. पहिल्या नंबराचा फायदा जास्तीत जास्त तीन-चार हजारांचा. आणि चौथ्या महिन्यानंतर एक जण पळाला तर राहिलेल्या आठ महिन्यांचे 8 गुणिले 5,000, म्हणजे 40,000 तिच्या अंगावर येतात. दरमहा स्वतःच्या हप्त्याशिवाय आणखी 5,000 भरण्याची तिची ऐपत आहे का, हे भिशी सुरू व्हायच्या आधी तोंडावर विचारायला हवं. विचारायला संकोच वाटतो, मला कळतं. पण तुमच्या बिल्डिंगमध्ये चालवणारी बाई पळालेलीचा हप्ता चार महिने भरत राहिली आणि मग तिचं बळ संपलं असं दिसतं, म्हणजे ती हमी पहिल्या दिवसापासूनच अपुरी होती.

बेकायदा असण्याबद्दल. 1982 च्या चिट फंड कायद्यात ‘चिट’ची व्याख्या कलम 2 (ब) मध्ये आहे आणि तिला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. सगळ्या सभासदांना आळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते भरण्याची जबाबदारी राहते, तो व्यवहार या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणजे शेजाऱ्यांची साधी चिठ्ठीची भिशी, जिथे प्रत्येकीला पुरे 60,000 मिळतात, ती या कायद्याने ‘चिट’ ठरत नाही. बोलीची भिशी मात्र वेगळी. तिथे गरजू माणूस 60,000 ऐवजी 52,000 वर उचलतो आणि वरचे 8,000 सगळ्यांत वाटले जातात. ती चिट आहे, आणि सरकारची पूर्वपरवानगी व नोंदणी नसेल तर चालवता येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे एकच माणूस वर्षभर सगळ्यांकडून गोळा करतो आणि दिवाळीला व्याजासकट देण्याचं कबूल करतो. याला भिशी म्हणतात खरं, पण त्यात काहीच फिरत नाही, सगळे पैसे एका घरात साचतात. 2019 च्या अनियंत्रित ठेव योजनांवरच्या बंदीच्या कायद्याचा विचार तिथे करावा लागतो. यात कोणी ओळखीतलं असलं तरी पैसे घालू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो.

सुरक्षिततेबद्दल एकच दुरुस्ती. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून, आणि सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पण पतपेढीला नाही. आपल्या भागात ‘आरडी’ म्हणून रोज दुकानावर येऊन पैसे नेणारे बरेच जण पतपेढीचे असतात. पासबुकावर ‘बँक’ लिहिलंय की ‘पतसंस्था’, हे वाचूनच सुरक्षित म्हणा.

आता आईंचा हिशेब. आठ महिने भिशी चालली, म्हणजे आठ जणींनी उचलली आणि नऊ ते बारा या चार नंबरांना काही मिळालं नाही. त्या चौघींनी प्रत्येकी 40,000 भरले, एकूण 1,60,000. हे पैसे पळालेल्या बाईकडे आहेत असं सगळे समजतात, आणि इथेच घोळ होतो. तिने एकूण 40,000 बुडवले. त्यातले पाच ते आठ या महिन्यांचे 20,000 चालवणारीने भरले असणार, नाहीतर त्या महिन्यांत पूर्ण रक्कम मिळालीच नसती. तिच्यामुळे चौघींचे बुडाले ते फक्त 20,000. मग बाकीचे 1,40,000 कुठे आहेत? ते उचलून मोकळ्या झालेल्या इतर सात जणींकडे. प्रत्येकीचे चार हप्ते बाकी आहेत, म्हणजे 20,000. ‘भिशी बुडाली’ हा शब्द एकदा पसरला की ‘आता मी कशाला भरू’ असं प्रत्येकीला वाटतं, आणि खरी गळती तिथून होते. यात वाईट हेतू असतोच असं नाही. आपण इतरांचे पैसे आधीच घेऊन बसलो आहोत हे उचलणारीच्या मनात राहत नाही, तिला वाटतं आपला नंबर लागला, विषय संपला.

म्हणून सातही जणींना, चालवणारीसकट, एका खोलीत बसवा. कागदावर बारा रकाने पाडा, प्रत्येकीने किती भरले आणि किती घेतले ते लिहा. सातजणींसमोर ‘भरले 40,000, घेतले 60,000’ दिसेल. त्यावर प्रत्येकीची सही घ्या, ‘20,000 देणे आहे’ या वाक्याखाली. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली की ती त्या तारखेपासून पुन्हा मोजली जाते. जोडीला बँकेचं स्टेटमेंट आणि ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवा.

मग भिशी चार महिन्यांसाठी पुन्हा सुरू करा. सातजणींनी दरमहा 5,000 भरायचे, म्हणजे 35,000. पहिल्या महिन्यात ते नवव्या नंबराला, मग दहाव्या, अकराव्या, शेवटी आईंना. उरलेल्या चौघींनी एकमेकींना काहीच द्यायचं नाही, नाहीतर हिशेब परत गुंततो. आईंचं प्रत्यक्ष नुकसान मग 5,000 राहतं. चालवणारीने हमी पाळून दरमहा आणखी 5,000 घातले तर तेही राहणार नाही, आणि पळालेल्या बाईकडून वसूल होईल ते तिचं. आईंचा नंबर सगळ्यात शेवटी येतो आणि त्यांना चार महिने थांबावं लागतं, म्हणून नववीने आणि दहावीने आपले 35,000 घेतल्यावरही शेवटपर्यंत बैठकीला यायचं, हे त्याच कागदावर लिहून घ्या.