हं

सोमवारी सकाळी लिफ्टमधून बाहेर पडलो, समोर लांबलचक पॅसेज, पॅसेजच्या त्या टोकाकडून आमचे अकाउंट्सचे सर येताना दिसले आणि मी पूर्ण दमाने, छाती भरून, हसऱ्या चेहऱ्याने "गुड मॉर्निंग सर!" केलं. सर जवळ आले, हनुवटी अर्धा इंच खाली गेली, परत वर आली आणि तोंड न उघडता एक आवाज निघाला. "हं."

बास. गेले पुढे.

आता मराठी माणसाला हं म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. "हां" म्हटलं की तोंड उघडतं, त्यात थोडी तरी हवा असते. "हो" म्हणजे निदान एक अख्खा शब्द. "हूं" मध्ये गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलाची उत्सुकता असते. पण हं, तोही शेवटी खाली उतरणारा हं, हा बंद दरवाज्यामागून आलेला आवाज वाटतो. घरात कोणीतरी आहे एवढंच कळतं, दार उघडायचा विचार दिसत नाही.

जागेवर बसलो, कॉम्प्युटर चालू केला आणि काम सोडून स्वतःच्या गुन्ह्यांची यादी काढायला घेतली. गेल्या आठवड्यात सरांची पंचिंग मशीन आणली होती, परत केली का? केली. पण त्यातला कागदाचा चुरा सांडला होता का? सांडला असेल. मागच्या महिन्यात त्यांच्या मेलला मी अंगठा पाठवला होता, वरिष्ठांना अंगठा पाठवतात का? साडेअकरापर्यंत यादीत सात कलमं झाली होती आणि त्यातल्या कुठल्याही कलमाखाली माझी नोकरी जाऊ शकत होती.

शेजारी बसणाऱ्या ताईंना (वयाने माझ्याएवढ्याच आहेत, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो, त्या मात्र मला सरळ अरे-तुरे करतात) मी सगळं सविस्तर सांगितलं, हनुवटीच्या मापासकट. त्या डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत टाइप करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अरे, पोच मिळाली ना तुला? मग? तुला काय पोचेबरोबर पत्र पण पाहिजे?"

पोच! हा शब्द मला फार पटला. आपण गुड मॉर्निंग म्हणतो तेव्हा सकाळ चांगली आहे ही बातमी थोडीच देत असतो, पाऊस कोसळत असला तरी म्हणतोच की. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्ये अशा बोलण्याला फॅटिक कम्युनियन असं नाव दिलं, म्हणजे माहिती देण्यासाठी नाही तर नुसतं नातं राखण्यासाठी केलेलं बोलणं. तू आहेस, मी आहे, आपलं बरं चाललंय, एवढाच मजकूर. आणि एवढ्या मजकुराची पोच द्यायला मान पुरते. मी लिफाफा चांगला जाड, सोनेरी काठाचा पाठवला होता हे खरं, पण पोचपावती काही लिफाफ्याच्या साइजप्रमाणे मोठी होत नसते.

हे पटलं तरी समाधान झालं नाही, कारण मी समाधान होणाऱ्यांतला नाही. मंगळवारी मी प्रयोग केला. आवाज कमी पडला असेल म्हणून यावेळी जरा मोठ्याने, आणि सरांनी नुसती मान हलवल्यावर परत एकदा, "गुड मॉर्निंग सर!!" त्यावर लिफ्टसमोर उभ्या असलेल्या पाच अनोळखी माणसांनी दचकून मला गुड मॉर्निंग केलं. सरांनी घड्याळात बघितलं. पहिल्याला उत्तर आलेलं असताना दुसऱ्यांदा नमस्कार करणं म्हणजे मिळालेल्या पोचेवर हरकत घेणं, आणि समोरच्याकडे या हरकतीचं उत्तर नसतं. ही चूक एकदा करावी आणि लिफ्ट बदलावी.

मग मी वाचायला लागलो, आणि गंमत म्हणजे या विषयावर माणसांनी खरंच डोकं घातलेलं आहे. केंडन आणि फर्बर या दोघांनी एका वाढदिवसाच्या पार्टीत आलेल्या माणसांचं चित्रीकरण करून, माणसं एकमेकांना भेटतात म्हणजे नक्की काय काय करतात ते टप्प्याटप्प्याने मांडलं, 1973 मध्ये. त्यात असं दिसतं की भेटणं बहुतेक वेळा दोन हप्त्यांत होतं. आधी लांबून एक नमस्कार, म्हणजे हात वर करणं, मान उचलणं किंवा झुकवणं. मग चालत जवळ यायचं, आणि या चालण्यात माणसं बऱ्याचदा नजर दुसरीकडे वळवतात, कोणी कपडे नीट करतं, कोणी केस. मग समोरासमोर आल्यावर जवळचा नमस्कार.

हे वाचलं आणि मी उठून पॅसेजमधल्या फरश्या मोजल्या. मी सरांवर गुड मॉर्निंग सोडत होतो ते सव्वीस फरश्यांवरून! एवढ्या अंतरावर जवळचा नमस्कार लांबूनच वापरून टाकला की पुढच्या सव्वीस फरश्या दोघांनी करायचं काय? मी तर हसू तसंच धरून चालत होतो, गाल दुखेपर्यंत, पासपोर्टचा फोटो काढताना थांबतात तसा. सर बिचारे खाली बघत यायचे आणि मी ते तुच्छता म्हणून नोंदवत होतो, प्रत्यक्षात त्या टप्प्यात माणसं खाली बघतातच. जवळ आल्यावर त्यांच्याकडे शिल्लक काय राहणार, हं. आता मी लांबून फक्त मान उचलतो आणि तोंडी गुड मॉर्निंग चार-पाच फरश्यांवर आल्यावर, हळू. थांबत मात्र नाही, पाय चालूच ठेवतो. थांबलं की समोरच्याला वाटतं आता हा काहीतरी मागणार.

दुपारच्या हंचा हिशोब तर आणखी सोपा निघाला. एकाच दिवसात तोच माणूस परत परत भेटला की नमस्कार आटत जातो, सकाळी शब्द, दुपारी मान, संध्याकाळी नुसती भुवई. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांनी 1971 मध्ये हे लिहून ठेवलंय. चौथ्या भेटीलाही सकाळच्याच जोमाने गुड आफ्टरनून करणारा माणूस प्रेमळ वाटत नाही, सकाळचं विसरल्यासारखा वाटतो. तो माणूस मी होतो.

पण मुख्य प्रश्न राहिलाच, सर माझ्यावर चिडलेत का? यासाठी मी बुधवारी वही घातली, आधीच्या दोन दिवसांचंही आठवून लिहिलं. माझं म्हणणं असं की एका हंवरून काहीच कळत नाही, तो कशाच्या शेजारी ठेवून बघायचा ते महत्त्वाचं. मी तो माझ्या गुड मॉर्निंगशेजारी ठेवत होतो, तिथे तो खुजाच दिसणार. ठेवायला पाहिजे होता तो सरांच्याच बाकीच्या उत्तरांशेजारी. म्हणून ते बाकीच्यांना काय देतात ते लिहायला लागलो. बुधवार: रिसेप्शनला मान. ताईंना हं. शिपाईकाकांना हं, पण भुवईसह. मोठ्या साहेबांना "मॉर्निंग", गुड नाही. गुरुवार: सगळ्यांना मान, हातात फाइल होती आणि ओठ हलत होते, म्हणजे आकडे मोजत होते. आकडे मोजणाऱ्याला नमस्कार करू नये, त्याला पहिल्यापासून मोजावं लागतं.

दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. हं हाच सरांचा चालू दर होता, सगळ्यांना तोच. मग मला सोमवारी एवढं का लागलं? कारण त्याआधीच्या शुक्रवारी सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "काय, कसं काय, घरी सगळे मजेत?" असं तीन वाक्यांचं उत्तर दिलं होतं आणि मी तोच त्यांचा नेहमीचा दर धरून बसलो होतो! शुक्रवारी संध्याकाळी त्यांचं वार्षिक ऑडिट संपलं होतं. त्या दिवशी त्यांनी झेरॉक्स मशीनचीही विचारपूस केली असती. म्हणजे वेगळा शुक्रवार होता, सोमवार नव्हे.

आणि समजा दर खरंच बदलला असता, म्हणजे इतरांना पूर्वीसारखंच आणि मला एकट्यालाच कमी, तेही चार-सहा दिवस, शिवाय मेलची उत्तरंही तुटक, तर मी विचारलं असतं. पण नमस्काराबद्दल नाही. "सर, तुम्ही मला हं का म्हणालात?" याला जगात उत्तर नाही, माणूस "कुठे काय" म्हणतो आणि त्या दिवसापासून खरंच टाळायला लागतो. "सर, त्या बिलांच्या फाइलमध्ये माझ्याकडून काही राहिलंय का?" असं कामाचं विचारायचं. काही असेल तर तिथून निघतं, नसेल तर निदान फाइल तपासून होते.

शुक्रवारी वही मिटली. फार हलकं वाटत होतं. हा सगळा निष्कर्ष ताईंना सांगायला म्हणून खुर्ची सरकवून म्हटलं, "गुड मॉर्निंग ताई!"

ताईंनी मान वळवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि संपूर्ण वाक्यात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग. या, बसा. कसे आहात तुम्ही?"

माझ्या पोटात गोळा आला. पाच वर्षांत या बाईंनी मला "काय रे, उगवलास का" याच्या पलीकडे काही म्हटलेलं नाही. कसे आहात! तुम्ही! घरात आई जेव्हा अहो-जाहोवर येते तेव्हा पोरं पलंगाखाली जातात, तसलं होतं हे. घाईघाईने वही उघडली, ताईंची नोंद शोधली. सोमवार: "अरे, पोच मिळाली ना". मंगळवार: "परत तेच?" बुधवार: "बरं." गुरुवार: "बोला." म्हणजे तू वरून तुम्ही वर येण्याचा अख्खा प्रवास माझ्याच अक्षरात लिहिलेला होता आणि मी तो सरांच्या पानावर समासात टाकून दिला होता.

वर बघितलं. ताई डाव्या हाताने टाइप करत होत्या. उजवा हात मांडीवर होता, मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर, त्यावर ऑफिसातल्या सगळ्यांच्या सह्या. शिपाईकाकांची होती. सरांचीसुद्धा होती, छोटीशी, निळ्या पेनाने.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"रविवारी."

पुढे काय बोलावं सुचेना. "फार दुखतंय का?"

"हं."

मी गप्प बसून राहिलो. दोन मिनिटांनी माझ्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा येऊन आपटला.

"पंच करून दे रे एवढे. एका हाताने होत नाही. आणि चुरा सांडू नकोस."